वडील एबी, आई ओ. मग मूल कोणत्या रक्तगटाचं?

तपासायला आलेल्या एका वहीत प्रश्न असा आहे: वडिलांचा रक्तगट एबी, आईचा ओ. त्यांच्या मुलांचे रक्तगट कोणते असू शकतील? आणि खाली उत्तर लिहिलेलं आहे: एबी किंवा ओ.

वाचताना ते पटतं. मूल बापावर गेलं तर एबी, आईवर गेलं तर ओ. नाकडोळ्यांबद्दल आपण असंच बोलतो, मग रक्ताबद्दल का नाही? पण हे उत्तर दोन्ही बाजूंनी चुकलं आहे. या जोडप्याचं मूल ए गटाचं असेल नाहीतर बी गटाचं. म्हणजे त्यांना कितीही मुलं झाली तरी एकाचाही गट आईशी किंवा वडिलांशी जुळणार नाही. वह्या तपासताना मला ही चूक इतक्यांदा दिसली आहे, की आता उत्तर वाचण्याआधीच लाल पेन हातात येतं. चूक करणारे हुशार नसतात असं मात्र नाही. एके काळी शास्त्रज्ञांचं मतही अशाच उत्तराला वाव देणारं होतं. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी रक्तगट तपासताना नेमकं काय दिसतं ते पाहू, कारण चुकीचं मूळ तिथेच आहे. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे दोन थेंब ठेवतात. एकात अँटी-ए हा निळा द्रव टाकतात, जो ए खूण असलेल्या पेशींना एकमेकींना चिकटवतो, आणि दुसऱ्यात बी खुणेसाठी तेच करणारा पिवळा अँटी-बी. काडीने ढवळून टाइल हलकेच इकडेतिकडे झुलवतात. थोड्या वेळात एखाद्या थेंबात ओल्या वाळूसारखे लाल कण जमू लागतात, नाहीतर थेंब तसाच एकसंध राहतो. फक्त निळ्या थेंबात कण झाले तर गट ए, फक्त पिवळ्यात झाले तर बी, दोन्हींत झाले तर एबी, कशातच नाही तर ओ. इथे ‘ओ’ शोधणारा तिसरा थेंब नाही, हे लक्षात घ्या. ओ हा गट काहीच न सापडल्यामुळे ठरतो.

आता आतली गोष्ट. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात आणि त्यांच्या टोकाला ‘एच’ नावाची बैठक असते. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाची तीन मुख्य रूपं आहेत. ए रूपातून तयार होणारं विकर त्या बैठकीवर एक विशिष्ट साखर चढवतं. बी रूपातलं विकर तिथेच थोडी वेगळी साखर चढवतं. ओ रूपातलं विकर निकामी असतं. बहुतेक ओ रूपांत जनुकाच्या मजकुरातलं एकच अक्षर गळालेलं असतं, त्यामुळे पुढचा सगळा मजकूर बिघडतो आणि बैठक मोकळीच राहते.

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत ए आणि दुसरी ओ असेल तर ए आपलं काम करतं, ओ काहीच करत नाही, आणि टाइलवर निळा थेंब तेवढा जमतो. पाठ्यपुस्तकं याला ‘ओ अप्रभावी आहे’ असं म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण त्यातून ओ हरला आणि ए जिंकला असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात तिथे झुंज नसते. एक कामगार कामावर आहे, दुसरा गैरहजर, इतकंच. ए आणि बी दोन्ही असतील तर दोघेही कामावर असतात, म्हणून एबी.

त्यामुळे टाइलवर ए दिसलेल्या माणसाच्या आत ए-ए ही जोडी असेल किंवा ए-ओ. बी गटाच्या आत बी-बी किंवा बी-ओ. एबीच्या आत मात्र ए-बी हीच जोडी, आणि ओच्या आत ओ-ओ हीच. (पुस्तकांत हीच रूपं `I^A`, `I^B` आणि `i` अशी लिहिलेली दिसतील. इथे मी साधी जोडी लिहिते आहे.) मूल गट उचलत नाही. ते आईच्या जोडीतली एक प्रत आणि वडिलांच्या जोडीतली एक प्रत उचलतं, आणि त्या दोन प्रतींतून त्याचा स्वतःचा गट नव्याने ठरतो.

आता सुरुवातीचं उत्तर तपासू. त्यासाठी उत्तरातल्या एकेका गटाला एकच प्रश्न विचारायचा: तुझ्या दोन प्रती कोणाकोणाकडून आल्या?

एबी म्हणतो, माझ्याकडे एक ए आहे, एक बी. दोन्ही प्रती एकाच पालकाकडून येऊ शकत नाहीत, म्हणजे एक वडिलांकडून आली आणि दुसरी आईकडून. आईकडे आहे ओ-ओ. तिच्याकडे ना ए, ना बी. दावा फेटाळला.

ओ म्हणतो, माझ्याकडे ओ-ओ आहे. म्हणजे दोघांकडून एकेक ओ आला. वडिलांकडे आहे ए-बी, त्यांच्याकडे ओ नाहीच. दावा फेटाळला.

उत्तरात दिलेले दोन्ही गट गेले, पण तपासणी इथे थांबवायची नाही. उत्तरात नसलेल्या गटांनाही तोच प्रश्न विचारायचा. ए म्हणतो, वडिलांकडून ए आणि आईकडून ओ. जमतं. बी म्हणतो, वडिलांकडून बी आणि आईकडून ओ. तेही जमतं. आई नेहमी ओच देणार, वडील निम्म्या वेळा ए देणार आणि निम्म्या वेळा बी. म्हणून प्रत्येक मुलाच्या वेळी ए किंवा बी, दोन्हींची शक्यता अर्धी-अर्धी.

हा दुसरा फेरा बरेच जण टाळतात. तो का टाळू नये, ते दुसऱ्या एका उत्तरावरून कळतं. वडील ए, आई बी, आणि उत्तर लिहिलंय: ए, बी किंवा एबी. लिहिलेल्या तिन्ही गटांना प्रश्न विचारा, तिघंही सुटतात. उत्तर बरोबर वाटतं. मग न लिहिलेल्या ओला विचारा. तो म्हणतो, दोघांकडून एकेक ओ. वडील ए-ओ असू शकतात? हो. आई बी-ओ असू शकते? हो. मग ओही शक्य आहे आणि उत्तर अपुरं आहे. या जोडप्याला चारही गटांची मुलं होऊ शकतात. पहिल्या उत्तरात नको ते आत आलं होतं, इथे हवं ते बाहेर राहिलं.

आईवडिलांच्या गटांच्या एकूण दहाच जोड्या होतात. ओ-ओ पासून एबी-एबी पर्यंत सगळ्यांचे तक्ते मिळतात आणि मुलं ते पाठही करतात. मला तक्ता पाठ करणं कधी जमलं नाही, आणि त्याची गरजही नाही. तीन मनाया पुरतात. पहिली: जी खूण, म्हणजे ए किंवा बी, दोघांपैकी कोणाकडेच नाही, ती मुलात येत नाही. दुसरी: एक पालक ओ असेल तर मूल एबी होत नाही. तिसरी: एक पालक एबी असेल तर मूल ओ होत नाही. या तिघींनी जे अडवलं नाही ते सगळं शक्य. उदाहरणार्थ, दोघं ए असतील तर पहिली मनाई बी आणि एबीला अडवते, उरले ए आणि ओ. एक ए आणि एक एबी असेल तर तिसरी मनाई ओला अडवते, बाकी तिन्ही चालतात. ए आणि बी असतील तर एकही मनाई लागत नाही, म्हणून चारही. कागदावर दहाच्या दहा जोड्या घालून बघा, तक्ता आपोआप तयार होतो.

आता टक्क्यांकडे वळू, कारण तिथे वेगळी गफलत होते. ए आणि बी आईवडिलांच्या प्रश्नाला पुष्कळजण ‘प्रत्येक गट २५ टक्के’ असं उत्तर देतात. हे फक्त एकाच परिस्थितीत खरं आहे: वडील ए-ओ आणि आई बी-ओ. वडील ए-ए आणि आई बी-बी असेल तर शंभर टक्के मुलं एबीच. वडील ए-ओ आणि आई बी-बी असेल तर निम्मी एबी, निम्मी बी. नुसते गट सांगितले असतील तर काय शक्य आहे ते सांगता येतं, किती शक्य आहे ते नाही. टक्के विचारले असतील तर आधी आतली जोडी कळायला हवी.

ती कधीकधी घरच्याच माहितीतून कळते. समजा वडील ए, आई बी आणि पहिलं मूल एबी. यातून लपलेल्या प्रतींबद्दल काहीच कळत नाही, कारण मुलाने दिसणाऱ्याच दोन प्रती उचलल्या. दुसरं मूल बी. आता विचार करा. या मुलात ए नाही, म्हणजे वडिलांनी ए दिलेलं नाही. मग जे दिलं ते ओच असणार. वडील ए-ओ आहेत हे नक्की झालं. आईने या मुलाला बी दिलं, पण तिची दुसरी प्रत बी की ओ ते अजून अंधारात आहे. म्हणून तिसऱ्या मुलाबद्दल एबी किंवा बी होऊ शकतं असं ठामपणे सांगता येतं, आणि ए किंवा ओ फक्त आई बी-ओ असेल तरच. तेवढ्यात कळलं की आईच्या आईचा गट ओ आहे. तिने आपल्या मुलीला ओशिवाय दुसरं काही देणं शक्यच नव्हतं. झालं, आई बी-ओ. आता तिसऱ्या मुलासाठी चारही गट खुले, प्रत्येकी २५ टक्के, आणि हा आकडा यावेळी खरा आहे.

आता शास्त्रज्ञांची गोष्ट. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट जाहीर केले. १९१० मध्ये फॉन डुंगर्न आणि हिर्शफेल्ड यांनी दाखवलं की गट वारशाने येतात. पण त्यांची मांडणी अशी होती की ए खुणेचं जनुक एक आणि बी खुणेचं जनुक वेगळं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. तसं असतं तर एबी बापाने एखाद्या मुलाला दोन्ही खुणा एकदम दिल्या असत्या आणि दुसऱ्याला एकही नाही. मग ओ आईच्या पोटी एबी आणि ओ मुलंही जन्मली असती. आपल्या वहीतलं चुकीचं उत्तर या मांडणीत सहज बसलं असतं.

१९२४ मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने ही मांडणी मोडली, आणि तीही टाइलला हात न लावता, लोकसंख्येतल्या प्रमाणांवरून. त्याचा तर्क साधा आहे. दोन खुणा खरंच स्वतंत्र असतील तर दोन्ही एकत्र असणाऱ्यांचं प्रमाण दोघींच्या प्रमाणांच्या गुणाकाराइतकं यायला हवं. जर्मनीतले ढोबळ आकडे घ्या: ओ ४१ टक्के, ए ४३, बी ११, एबी ५. ए खूण असलेले, म्हणजे ए आणि एबी मिळून, ४८ टक्के. बी खूण असलेले १६ टक्के. ४८ टक्क्यांचे १६ टक्के म्हणजे जवळपास ८. प्रत्यक्षात एबी पाचच. बर्नस्टाइनने सांगितलं की जागा एकच आहे आणि तिथे तिघांपैकी एकच रूप बसतं. एक प्रत ए असेल तर ती प्रत बी असू शकत नाही. तसं धरलं की आकडे जुळतात, आणि एबी-ओ जोडप्याला फक्त ए आणि बी मुलं होणार हेही ओघाने येतं.

या मनाया न्यायालयातही पोचल्या. १९४५ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ली चॅप्लिनवर पितृत्वाचा खटला चालला. चॅप्लिनचा गट ओ, मुलीच्या आईचा ए आणि मुलीचा बी. पहिलीच मनाई: बी खूण दोघांकडेही नाही, म्हणजे ती तिसऱ्याच माणसाकडून आली. तिथल्या कायद्यात तेव्हा रक्तचाचणी निर्णायक पुरावा मानली जात नव्हती, आणि ज्यूरीने चॅप्लिनलाच बाप ठरवलं. उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मुलीचा गट ए किंवा ओ निघाला असता, तरी चॅप्लिन बाप आहे हे सिद्ध झालं नसतं. ओ गटाचे पुरुष कोट्यवधी आहेत. गट जुळणं म्हणजे फक्त ‘अडचण नाही’ एवढंच. आज हा प्रश्न डीएनए चाचणीनेच सोडवतात.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा भाग वेगळ्या गुणसूत्रावरच्या वेगळ्या जनुकाचा आहे, तो स्वतंत्र तपासायचा. निगेटिव्ह इथे ओसारखा वागतो. दोघं निगेटिव्ह असतील तर मूल निगेटिव्हच. दोघं पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकतं.

आता वहीतून घरात येऊ. समजा एखाद्या घरातले रिपोर्ट यातली एखादी मनाई मोडताना दिसले. अशा वेळी संशय सगळ्यात आधी कागदावर घ्यायचा, माणसावर नाही. नमुन्यांच्या बाटल्यांची अदलाबदल, जुन्या कार्डावरची चुकीची नोंद, किंवा ‘मला वाटतं माझा बी आहे’ असं आठवणीतून सांगितलेलं. बाळ नवजात असताना केलेली चाचणीही पुन्हा करून घ्यावी. जन्माच्या वेळी पेशींवरच्या खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात, आणि बाळाच्या रक्तद्रवात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, स्वतःच्या पेशींवर नसलेल्या खुणांविरुद्धची प्रतिद्रव्यंही तयार झालेली नसतात. मोठ्या माणसात पेशींचा निकाल रक्तद्रवाशी ताडून बघता येतो, नवजात बाळात ती सोय नसते.

पुन्हा तपासूनही मनाई मोडतच असेल तर दोन दुर्मिळ प्रकार डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. पहिला बॉम्बे रक्तगट, जो डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला आणि १९५२ मध्ये जगापुढे ठेवला. यात एच बैठकच तयार होत नाही. बैठकच नसल्यामुळे ए किंवा बीची साखर चढवायला जागा राहत नाही. टाइलवर दोन्ही थेंब एकसंध राहतात आणि रिपोर्टवर ओ लागतो. पण आत बी जनुक असेल तर ते शाबूत असतं आणि पुढच्या पिढीत जाऊ शकतं. वडिलांकडून मुलाला बैठक मिळाली की बी पुन्हा उमटतं. अशी ‘ओ’ आई आणि ए बाप यांना एबी मूल झालं, तर दुसरी मनाई मोडल्यासारखी वाटते. खरं तर आई ओ नव्हतीच. हे उघडकीला येतं ते रक्तद्रव तपासताना. साध्या ओ माणसाचा रक्तद्रव ओ पेशींना काही करत नाही. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात, त्यामुळे ओ पेशींच्याही ठळक गुठळ्या होतात. म्हणूनच या लोकांना साधं ओ रक्त चालत नाही, आणि ही चूक जिवावर बेतू शकते.

दुसरा प्रकार सिस-एबी. यात एकाच प्रतीतून असं विकर तयार होतं जे ए आणि बी दोन्ही साखरा चढवतं. म्हणजे ए आणि बी दोन वेगळ्या प्रतींवर नसून एकाच प्रतीवर आहेत, आणि दुसरी प्रत ओ असू शकते. पोलंडमधल्या एका कुटुंबामुळे १९६४ मध्ये हा प्रकार नोंदला गेला. पुढे तो जपान आणि कोरियात तुलनेने जास्त आढळला. टाइलवर त्याची चाहूल लागते ती पिवळ्या थेंबात: बीची खूण सहसा कमकुवत असते, कण बारीक आणि उशिरा जमतात, आणि रक्तद्रवात बीविरुद्धची थोडी प्रतिद्रव्यंही सापडू शकतात, जी खऱ्या एबी माणसाकडे असायला नकोत. अशा वडिलांनी ओ आईच्या मुलाला ती दुहेरी प्रत दिली तर मूल एबी, आणि दुसरी दिली तर ओ. म्हणजे वहीत मी ज्या उत्तरावर लाल फुली मारली, तेच या घरात अक्षरशः खरं ठरतं.